दोन सव्विसा: प्रजासत्ताक दिनाचं तीन मिनिटांचं भाषण बसवताना

परिपाठात राष्ट्रगीत होतं, प्रतिज्ञा होते, आणि मग संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. तिचा शेवट मुलांना तोंडपाठ असतो: 'आज दिनांक २६ नोव्हेंबर १९४९ रोजी याद्वारे हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत.' २६ जानेवारीच्या आधीच्या आठवड्यात या वाक्यानंतर लगेच दिनविशेष सांगायला एखादं मूल उभं राहतं आणि म्हणतं, 'आपलं संविधान २६ जानेवारीला तयार झालं, म्हणून आपण प्रजासत्ताक दिन साजरा करतो.' अर्ध्या मिनिटापूर्वी सगळ्या शाळेनं वेगळी तारीख म्हटलेली असते. ऐकणाऱ्यांपैकी दोघा-तिघांच्या तरी मनात प्रश्न येतो, पण परिपाठात हात वर करायची सोय नसते.

सातवीच्या एका विद्यार्थिनीसाठी हे भाषण बसवायला घेतलं तेव्हा आम्ही हाच प्रश्न पकडला. परिपाठात मिळतात तीन मिनिटं. तेवढ्यात प्रजासत्ताक दिनाचं महत्त्व, संविधानाची वैशिष्ट्यं, डॉ. आंबेडकरांचं कार्य आणि दिल्लीचं संचलन असं सगळं कोंबलं तर कुठल्याच गोष्टीला न्याय मिळत नाही. 'हीच तारीख का?' एवढा एकच प्रश्न घ्यायचा आणि त्याचं उत्तर पुरं द्यायचं, असं ठरवून कामाला लागलो.

पहिला मसुदा तिनं स्वतः लिहून आणला. त्यातलं मुख्य वाक्य होतं: '२६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झालं, म्हणून हा दिवस निवडला.' वाक्य चूक नाही. पण त्यात उत्तरही नाही, कारण संविधान त्याच दिवशी का लागू झालं हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. या विषयावरची बहुतेक शालेय भाषणं इथेच अडतात. कागदावर तारीख आली की कारणही आलं असं लिहिणाऱ्याला वाटतं. मसुदा तपासण्याची एक सोपी कसोटी यातून आम्हाला मिळाली: त्यातली प्रत्येक तारीख घ्यायची आणि विचारायचं, ही कोणी ठरवली आणि कधी? उत्तर मसुद्यात सापडलं नाही, तर तिथे भोक आहे.

ते भोक बुजवायचं तर आधी दोन सव्विसा वेगळ्या करायला हव्यात. फळ्यावर एका बाजूला २६ नोव्हेंबर १९४९ लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला २६ जानेवारी १९५०. पहिल्या दिवशी संविधान सभेनं संविधान स्वीकारलं. दुसऱ्या दिवसापासून ते अमलात आलं. मध्ये बरोबर दोन महिने आहेत. हे अंतर अपघातानं पडलेलं नाही, ते संविधानातच लिहिलेलं आहे. मूळ संविधानातलं शेवटून दुसरं, म्हणजे ३९४ वं कलम ते सांगतं. स्वतः हे कलम आणि आणखी पंधरा कलमं ताबडतोब लागू होतील आणि उरलेलं सगळं संविधान २६ जानेवारी १९५० रोजी लागू होईल, असं त्यात म्हटलं आहे. या दुसऱ्या दिवसाला संविधान 'प्रारंभ' म्हणतं.

ती पंधरा कलमं कोणती हे पाहिलं की दोन महिने कशाला लागले ते आपोआप उलगडतं. ५ ते ९ ही कलमं नागरिकत्वाची आहेत: या नव्या राष्ट्राचे नागरिक कोण, हे आधी ठरायला हवं. ६० वं कलम राष्ट्रपतींच्या शपथेचं आहे, कारण पहिल्याच दिवशी शपथ घ्यायची तर तिचे शब्द आधी लागू असायला हवेत. ३२४ वं निवडणुकांवरच्या देखरेखीचं आहे, आणि निवडणूक आयोग स्थापन झाला तो २५ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या एक दिवस आधी. ३६६ आणि ३६७ मध्ये व्याख्या आणि अर्थ लावण्याचे नियम आहेत. बाकीची बहुतेक मधल्या काळाच्या व्यवस्थेची. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव लागायला हवा, तशी ही तयारीची कलमं. मुलीला ही उपमा लगेच पटली. भाषणात मात्र ती घेतली नाही, कारण तीन मिनिटांत कलमांचे आकडे आले की मागच्या रांगा चुळबुळ करू लागतात.

इथपर्यंत कळतं की तयारीला वेळ हवा होता. पण तयारी १ जानेवारीपर्यंत झाली असती किंवा १ एप्रिलपर्यंत, तरी चाललं असतं. ३९४ वं कलम तारीख देतं, तिचं कारण देत नाही. ते शोधायला संविधान बाजूला ठेवून वीस वर्षं मागे जावं लागतं.

मागे गेल्यावर आधी कोलकाता लागतं. डिसेंबर १९२८ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं होतं. त्या वेळची मागणी होती वसाहतीच्या स्वराज्याची, म्हणजे कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियासारखा दर्जा: कारभार आपला, पण मुकुट इंग्लंडचा. तरुण पुढाऱ्यांना हे पुरेसं वाटत नव्हतं. तडजोड अशी झाली की सरकारला एका वर्षाची मुदत द्यायची. ३१ डिसेंबर १९२९ पर्यंत वसाहतीचं स्वराज्य मिळालं नाही, तर काँग्रेस पूर्ण स्वातंत्र्याची मागणी करील. वर्ष उलटलं, ते मिळालं नाही. पुढचं अधिवेशन लाहोरला होतं आणि अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. तिथे पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री, म्हणजे दिलेली मुदत संपली त्याच घटकेला, रावी नदीच्या काठी झेंडा फडकवला गेला. मध्यरात्रच का, याचं उत्तर मुदतीत आहे. मुदतीचा उल्लेख गाळला की ती मध्यरात्र नुसती नाट्यमय वाटते आणि मुलं ती १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीत मिसळून टाकतात.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा. '२६ जानेवारी १९३० रोजी लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला' हे वाक्य आम्हाला मुलांच्या वह्यांत अनेकदा दिसलं आहे. अधिवेशन डिसेंबरात होतं, ठराव डिसेंबरातला आहे. २६ जानेवारीला लाहोरात अधिवेशन नव्हतं. झालं असं की ठराव अधिवेशनातल्या प्रतिनिधींनी केला होता, आता तो सगळ्या देशाचा व्हायला हवा होता. म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला काँग्रेसच्या कार्यकारिणीनं एक दिवस ठरवला: महिन्यातला शेवटचा रविवार. त्या दिवशी गावोगावी लोकांनी जमून स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घ्यायची. १९३० च्या जानेवारीत रविवार आले ५, १२, १९ आणि २६ तारखेला. शेवटचा रविवार २६.

ही गोष्ट कळली तेव्हा त्या मुलीनं विचारलं, 'म्हणजे रविवार पंचवीसला असता तर आपला प्रजासत्ताक दिन पंचवीसला असता?' असता, असंच म्हणावं लागतं. आम्हाला तर ही गोष्ट फार मोलाची वाटते. २६ या आकड्यात काही पवित्र नव्हतं. लोकांना जमता यावं असा एक रविवार होता, त्या दिवशी लोक खरोखर जमले, आणि त्यांच्या जमण्यानं ती तारीख मोठी झाली.

त्या सभांबद्दल एक तपशील आम्ही मुद्दाम भाषणात घेतला. नेहरूंनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की त्या दिवशी जागोजागी प्रचंड सभा भरल्या आणि लोकांनी शांतपणे, गंभीरपणे, भाषणांशिवाय प्रतिज्ञा घेतली. २६ जानेवारी या तारखेची पहिली ओळख अशी आहे: व्याख्यान नाही, सगळ्यांनी मिळून म्हटलेले शब्द. रोज परिपाठात मुलं नेमकं तेच करतात, म्हणून हा धागा त्यांना चटकन जवळचा वाटतो.

तेव्हापासून १९४७ पर्यंत दरवर्षी २६ जानेवारी 'स्वातंत्र्यदिन' म्हणून पाळला गेला. स्वातंत्र्य मिळालं नव्हतं तरी स्वातंत्र्यदिन होता, हे मुलांना विचित्र वाटतं आणि त्यावर थोडं थांबावं लागतं. त्या दिवशी स्वातंत्र्य मिळाल्याचा आनंद साजरा होत नसे. पूर्ण स्वातंत्र्यापेक्षा कमी काही घेणार नाही, हा शब्द दरवर्षी पुन्हा दिला जाई. 'साजरा केला' आणि 'पाळला' या दोन क्रियापदांतला फरक मराठीत आयताच मिळतो. आम्ही भाषणात 'पाळला' ठेवलं.

मग स्वातंत्र्य आलं ते वेगळ्याच तारखेला. १५ ऑगस्ट ही तारीख लॉर्ड माउंटबॅटन यांनी ठरवली. दुसऱ्या महायुद्धात जपाननं शरणागती पत्करली त्याला त्या दिवशी दोन वर्षं होत होती. सतरा वर्षं जी तारीख स्वातंत्र्यदिन म्हणून पाळली, ती अचानक रिकामी झाली. या ठिकाणी बहुतेक लेखक म्हणतात, 'त्या तारखेची आठवण राहावी म्हणून संविधान त्या दिवशी लागू केलं,' आणि थांबतात. हे खरं आहे, पण त्याच्या पलीकडे एक गाठ आहे आणि आमच्या मते भाषणाचा जीव तिच्यात आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ला भारताला कायद्यानं नेमका कोणता दर्जा मिळाला? ब्रिटिश संसदेच्या भारतीय स्वातंत्र्य कायद्यानं भारत आणि पाकिस्तान अशी दोन 'डोमिनियन' निर्माण केली. डोमिनियन म्हणजे तेच, १९२८ साली मागितलेलं वसाहतीचं स्वराज्य. कारभार पूर्णपणे आपला झाला, कायदे आपली संविधान सभा करू लागली. पण नावापुरता राजा सहावा जॉर्जच होता आणि त्याच्या नावानं गव्हर्नर जनरल होते, आधी माउंटबॅटन, मग जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी. जे रावीच्या काठी अपुरं म्हणून नाकारलं होतं, तो दर्जा अडीच वर्षं आपण मधला टप्पा म्हणून वापरला. २६ जानेवारी १९५० रोजी तो संपला. ३९५ व्या कलमानं भारतीय स्वातंत्र्य कायदा आणि १९३५ चा भारत सरकार कायदा, दोन्ही रद्द केले. त्या सकाळी दिल्लीत राजगोपालाचारींनी भारत हे सार्वभौम लोकशाही गणराज्य झाल्याचं जाहीर केलं आणि डॉ. राजेंद्र प्रसादांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. गव्हर्नर जनरल हे पद त्या क्षणी उरलं नाही.

म्हणजे १९३० च्या २६ जानेवारीला लोकांनी जी मागणी केली होती, राजा नको, पूर्ण स्वराज्य हवं, ती १९५० च्या २६ जानेवारीला अक्षरशः पुरी झाली. तारीख नुसती स्मरणासाठी जोडलेली नाही, तिच्यात आशयही तोच आहे. 'स्वातंत्र्य' आणि 'प्रजासत्ताक' यांतला फरकही इथेच कळतो. परक्यांचा कारभार गेला ते स्वातंत्र्य, आणि राज्याच्या शिरावर वंशानं आलेला राजा न राहता निवडून आलेला माणूस बसला ते प्रजासत्ताक. प्रजेच्या हाती सत्ता, असा शब्दाचा अर्थ मुलांना फोडून सांगता येतो.

एवढं समजून घेतल्यावर काय गाळायचं हा प्रश्न आला, आणि त्यानं लिहिण्यापेक्षा जास्त वेळ घेतला. '२ वर्षं ११ महिने १८ दिवस' हे सगळ्यात आधी गाळलं. हा आकडा प्रत्येक भाषणात असतो. संविधान सभा पहिल्यांदा भरली ९ डिसेंबर १९४६ ला. तिथून ९ नोव्हेंबर १९४९ पर्यंत दोन वर्षं अकरा महिने होतात, आणि पुढे २६ पर्यंत १७ दिवस. पहिला दिवसही मोजला तर १८. म्हणून काही पुस्तकांत १७ आणि काहींत १८ दिसतात, दोन्हीत भांडण नाही. पण हा आकडा २६ नोव्हेंबरपाशी संपतो. २६ जानेवारी का, या प्रश्नाशी त्याचा संबंधच नाही. भाषणात तो आला की ऐकणाऱ्याचं लक्ष पुन्हा नोव्हेंबरकडे जातं आणि दोन्ही सव्विसा परत एकमेकींत मिसळतात.

२४ जानेवारी १९५० ही तारीखही गाळली, जरा जड मनानं. त्या दिवशी २८४ सदस्यांनी संविधानावर सह्या केल्या, 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलं गेलं आणि राजेंद्र प्रसादांची राष्ट्रपती म्हणून निवड जाहीर झाली. दिवस मोठा आहे. पण कानानं ऐकताना माणूस दोन तारखा धरून ठेवू शकतो, तिसरी आली की पहिली सुटते. २४ जानेवारीला तिचा स्वतंत्र दिनविशेष करता येतो आणि तो करावाच.

सालांचं वेगळंच दुखणं आहे आणि ते खास मराठीचं आहे. एकोणीसशे एकोणतीस, एकोणीसशे एकोणपन्नास. माइकसमोर उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला 'एकोण' दोनदा म्हणायचं असतं आणि दुसऱ्या वेळी जीभ घसरते. पन्नासच्या जागी चाळीस येतं किंवा साठ. ऐकणाऱ्यांनाही तो आकडा मनात उलटा फिरवून लावावा लागतो. म्हणून पूर्ण भाषणात आम्ही एकच साल ठेवलं, एकोणीसशे पन्नास. बाकी सगळं 'वीस वर्षं मागे' असं. त्यानं चुकायची जागाही गेली आणि तीस ते पन्नास हे अंतर आकड्यांशिवाय कळलं.

दोन्ही सव्विसांसाठी बोलण्याची पद्धतही बदलली. 'सव्वीस नोव्हेंबर', 'सव्वीस जानेवारी' असं म्हटलं की कान सुरुवातीचा 'सव्वीस' धरतो आणि महिना निसटतो, विशेषतः मैदानात भोंग्याचा आवाज घुमत असताना. 'नोव्हेंबरची सव्वीस', 'जानेवारीची सव्वीस' असं केलं की महिना पुढे येतो. पहिल्या आणि शेवटच्या वेळी तरी हे पाळलंच पाहिजे.

सुरुवातीची संबोधनं हा शेवटचा छाट. 'अध्यक्ष महोदय, आदरणीय मुख्याध्यापक, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्तानं ऐकावेत ही नम्र विनंती' हे सावकाश म्हणायला वीस-पंचवीस सेकंद जातात. तीन मिनिटांतला सातवा हिस्सा. परिपाठात अध्यक्ष नसतातही. एक 'नमस्कार' पुरतो. २६ तारखेला ध्वजवंदनाच्या कार्यक्रमात पाहुणे असतील तेव्हा गोष्ट वेगळी, तिथे एक ओळ वाढवावी.

हे सगळं होऊन भाषण असं उरलं:

'नमस्कार. आत्ताच आपण उद्देशिका म्हटली. तिच्या शेवटी एक तारीख आहे. नोव्हेंबरची सव्वीस. मग आपण प्रजासत्ताक दिन जानेवारीच्या सव्वीसला का पाळतो?

संविधान सभेनं आपलं संविधान नोव्हेंबरमध्ये स्वीकारलं. ते लागू कधी करायचं, तो दिवस दोन महिन्यांनी ठेवला. आणि जी तारीख निवडली, ती लोकांच्या मनात वीस वर्षांपासून होती.

वीस वर्षं मागे जाऊ. देशावर इंग्रजांचं राज्य आहे. काँग्रेसनं सरकारला एका वर्षाची मुदत दिली आहे: आम्हाला वसाहतीचं स्वराज्य द्या. म्हणजे कारभार आमचा, राजा इंग्लंडचा. मुदत संपते. एकतीस डिसेंबरची मध्यरात्र. लाहोर शहर, रावी नदीचा काठ. तिथे चरख्याचा झेंडा फडकतो आणि मागणी बदलते. आता अर्धं नको. आता पूर्ण स्वराज्य.

ही मागणी सगळ्या देशानं एकाच दिवशी करावी असं ठरलं. त्यासाठी जानेवारीतला शेवटचा रविवार निवडला. त्या रविवारी तारीख होती सव्वीस. गावोगावी लोक जमले. त्यांनी भाषणं ऐकली नाहीत. आपण रोज म्हणतो तशी सगळ्यांनी मिळून प्रतिज्ञा म्हटली. पुढे दरवर्षी सव्वीस जानेवारी हाच स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला.

स्वातंत्र्य आलं मात्र पंधरा ऑगस्टला. कारभार आपला झाला, पण नावापुरता राजा अजून इंग्लंडचाच होता. तो जाणार होता आपलं संविधान लागू होईल तेव्हा. म्हणून त्या कामासाठी जुनी तारीख निवडली. एकोणीसशे पन्नास साली, जानेवारीच्या सव्वीसला, राजा गेला आणि राष्ट्रपती आले. रावीच्या काठी जे मागितलं होतं, ते पुरं झालं.

नोव्हेंबरची सव्वीस, संविधान स्वीकारल्याची. जानेवारीची सव्वीस, ते लागू झाल्याची. जय हिंद.'

हे दोनशेच्या आसपास शब्द आहेत. सातवी-आठवीचं मूल माइकवर, थांबे घेत, मिनिटाला ऐंशी ते नव्वद शब्द बोलतं. म्हणजे अडीच मिनिटं होतात आणि अर्धं मिनिट हाताशी राहतं. ते लागतंच. माइक खालीवर करण्यात जातं, टाळ्यांत जातं, एखादा शब्द अडखळला तर त्यात जातं. पाठ म्हणताना घरी दोन मिनिटांत संपलं तर मूल धावतंय असं समजावं. आम्ही गती सांगून कमी होत नाही हे पाहिलंय, जागा सांगून होते. चार जागी कार्डावर लाल रेघ मारली: पहिल्या प्रश्नानंतर, 'राजा इंग्लंडचा' नंतर, 'तारीख होती सव्वीस' नंतर आणि 'राष्ट्रपती आले' नंतर. रेघ आली की मनात एक-दोन म्हणायचं. बाकी गती तिची तिला सापडली.

'मध्यरात्र' हा परिच्छेद वर्तमानकाळात आहे आणि त्याच्या पुढचा भूतकाळात. तालमीत ती दोनदा 'फडकला' म्हणून गेली आणि पुढचं वाक्य अडलं, कारण 'मागणी बदलते' शी जुळेना. काळ बदलतो त्या जागा कार्डावर परिच्छेद वेगळे लिहून दाखवल्या की हे थांबतं. कार्डं पोस्टकार्डाएवढी तीन, प्रत्येकीवर दोन-दोन परिच्छेद, कोपऱ्यात क्रमांक. ए-फोर कागद सकाळच्या वाऱ्यात फडफडतो आणि तो आवाज माइकमधून सगळ्या मैदानाला ऐकू जातो.

चरख्याच्या झेंड्याबद्दल एक सावधगिरी. रावीच्या काठचा झेंडा आजचा तिरंगा नव्हता. त्यावर चरखा होता आणि केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम काँग्रेसनं १९३१ मध्ये स्वीकारला. अशोकचक्र आलं जुलै १९४७ मध्ये. म्हणून भाषणाबरोबर चित्र दाखवायचं असेल तर लाहोरच्या प्रसंगाला आजचा राष्ट्रध्वज दाखवू नये. आम्ही भाषणात रंग सांगितलेच नाहीत, 'चरख्याचा झेंडा' एवढंच म्हटलं.

तसंच 'संविधान लागू झाल्याची' या शेवटच्या वाक्याचं. काटेकोर बोलायचं तर काही कलमं नोव्हेंबरातच लागू झाली होती, हे वर आलंच. परिपाठाच्या भाषणात एवढी ढील चालते. वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांसमोर तेच भाषण करायचं असेल तर 'संपूर्ण संविधान लागू झाल्याची' असं एक विशेषण वाढवावं आणि परीक्षकांनी विचारलंच तर ३९४ व्या कलमाचा क्रमांक तयार ठेवावा.

भाषण झाल्यावर वर्गात प्रश्न येतात, त्यांतला पहिला बहुतेक वेळा हा असतो: मग २६ नोव्हेंबरला आपण काय करतो? २०१५ पासून तो संविधान दिन म्हणून पाळला जातो. दुसरा प्रश्न लाहोरचा: ते तर पाकिस्तानात आहे ना? आज आहे, १९२९ साली पाकिस्तान नव्हतं, लाहोर अखंड हिंदुस्थानातलं शहर होतं. गोव्यातल्या शाळेत तिसराही येतो: १९५० साली आमच्याकडे प्रजासत्ताक दिन होता का? नव्हता, तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता. डिसेंबर १९६१ मध्ये तो मुक्त झाला, आणि मुक्त गोव्यातली पहिली २६ जानेवारी आली ती १९६२ ची.